पावतीवर १२,३१,४३९ आणि खात्यात १२,०६,२६३

प्रति,
मा. गव्हर्नर,
भारतीय रिझर्व्ह बँक,
शहीद भगतसिंग मार्ग, मुंबई.

विषय : मुदत ठेवीच्या पावतीवर छापली जाणारी मुदतपूर्तीची रक्कम आणि ‘यील्ड’ नावाचा आकडा

महोदय,

माझ्यासमोर दोन कागद आहेत. एक आहे एप्रिल २०२३ मधली मुदत ठेवीची पावती : रक्कम १० लाख, मुदत ३ वर्षे, व्याजदर द.सा.द.शे. ७, व्याज मुदतीअखेर, मुदतपूर्तीची रक्कम १२,३१,४३९ रुपये. दुसरं आहे याच महिन्यात भरून आणलेलं पासबुक. त्यात त्याच ठेवीचे जमा झाले आहेत १२,०६,२६३ रुपये. मधले २५,१७६ रुपये कुठे गेले, हे विचारायला आमच्या शेजारच्या वहिनी माझ्याकडे आल्या होत्या. बँकेत त्यांना एका शब्दात उत्तर मिळालं होतं : टीडीएस.

टीडीएस म्हणजे व्याज जमा करण्याआधीच बँक त्यातून कापून सरकारकडे भरते तो कराचा हप्ता. उत्तर खोटं नाही, पण अपुरं आहे. त्या २५,१७६ पैकी टीडीएस म्हणून सरकारकडे गेले ते २२,९१८ रुपये. उरलेले २,२५८ ना वहिनींना मिळाले, ना सरकारला. ते का मिळाले नाहीत आणि पावतीवर याचा मागमूस का नव्हता, याबद्दल हे पत्र आहे.

आधी माझी ओळख. मी निवृत्त बँक कर्मचारी. ३१ वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला बसले, त्यातली निम्मी ठेवींच्या टेबलावर. अशा पावत्या मी सुरुवातीला हाताने लिहिल्या, मग डॉट मॅट्रिक्सवर छापल्या, मग सीबीएस, म्हणजे सगळ्या शाखा जोडणारी संगणक यंत्रणा, आल्यावर बटण दाबून काढल्या. मुदतपूर्तीची रक्कम तक्त्यात बघायची आणि लिहायची. ती रक्कम ठेवीदाराच्या हातात खरंच पडेल का, हा प्रश्न मला त्या ३१ वर्षांत पडला नाही. म्हणजे या पत्रातल्या तक्रारीत मीही थोडी आरोपी आहेच.

वहिनींचे यजमान २०२२ मध्ये गेले. त्यांच्या ग्रॅच्युइटीचे आणि फंडाचे पैसे आले, त्यातले १० लाख वहिनींनी ठेवीत टाकले. त्या वेळी त्यांचं वय ५४. बाकी उत्पन्न म्हणजे महिन्याला ९ हजारांचं कुटुंब निवृत्तिवेतन. वर्षाचे १,०८,००० आणि ठेवीचं व्याज साधारण ७२ हजार, एवढीच मिळकत. आयकराच्या कुठल्याही तक्त्यात बसवा, कर शून्य. ज्या बाईला एक रुपयाही कर लागत नाही, तिचे जवळजवळ २३ हजार कर म्हणून कापले गेले.

आता हा हिशेब उलगडते. तिमाहीचे दोन-चार दिवस इकडे-तिकडे होतात ते सोडून देते, पूर्ण १२ तिमाह्या धरते.

सात टक्के वर्षाचे, म्हणजे तिमाहीला पावणेदोन. पहिल्या तिमाहीचं व्याज १७,५०० रुपये. हे व्याज मुद्दलात मिसळतं आणि पुढची तिमाही १०,१७,५०० वर चालू होते, असं पावती छापणारा तक्ता धरून चालतो. प्रत्यक्षात बँकेने १७,५०० चा १० टक्के, म्हणजे १,७५० रुपये टीडीएस कापला आणि १५,७५० च मुद्दलात घातले. दुसरी तिमाही चालू झाली ती १०,१५,७५० वर. त्या कापलेल्या १,७५० वर दुसऱ्या तिमाहीत ३१ रुपये व्याज मिळालं असतं, ते मिळालं नाही. तिसऱ्या तिमाहीत तेच १,७५० नाहीत, दुसऱ्या तिमाहीत कापलेले १,७७८ नाहीत, आणि ते ३१ ही नाहीत. अशा १२ तिमाह्या. व्याजावरचं व्याज थेंबाथेंबाने चुकत जातं आणि तीन वर्षांनी त्याचे २,२५८ रुपये होतात.

टीडीएसच्या २२,९१८ रुपयांना निदान पत्ता आहे. ते आयकर खात्याच्या फॉर्म २६ एएस मध्ये वहिनींच्या पॅनसमोर दिसतात, वर्षवार : २०२३-२४ चे ७,१६७, २०२४-२५ चे ७,६२९, २०२५-२६ चे ८,१२२. पण २,२५८ रुपये कुठल्याच कागदावर नाहीत. बँकेच्या व्याज प्रमाणपत्रावर नाहीत, कारण ते व्याज कधी तयारच झालं नाही. म्हणून ते मागताही येत नाहीत. वहिनी म्हणाल्या, “ताई, मग पावतीवर लिहिलं कशाला होतं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

हे सगळं टाळता आलं असतं. कर शून्य असणाऱ्या, ६० वर्षांखालच्या ठेवीदाराने १५ जी फॉर्म दिला की बँक टीडीएस कापत नसे. साठीपुढच्यांसाठी तोच १५ एच होता. १५ जी ला एक जास्तीची अट होती, की वर्षाचं एकूण व्याज करमुक्त मर्यादेच्या आत हवं. वहिनी दोन्ही अटींत बसत होत्या. फॉर्म दरवर्षी नव्याने द्यावा लागतो, प्रत्येक बँकेत वेगळा, आणि द्यायचा तो वर्षाच्या सुरुवातीला, पहिलं व्याज पडायच्या आत. उशिरा दिला तर पुढचं कापणं थांबतं, आधी कापलेलं बँक परत करत नाही. ठेव उघडताना वहिनींनी सात ठिकाणी सह्या केल्या, त्यात १५ जी नव्हता. दर तिमाहीला मोबाइलवर संदेश येत होता, पण टीडीएस म्हणजे काय हे माहीत नसेल तर त्या चार अक्षरांतून काय कळणार?

कापलेला कर परत मिळतो, हेही खरं. रिटर्न भरलं की रिफंड येतो. वेळेवर भरलं तर त्यावर महिन्याला अर्धा टक्का सरळ व्याजही मिळतं, पण ते पुढच्या आर्थिक वर्षाच्या १ एप्रिलपासून. जूनमध्ये कापलेल्या पैशांचे मार्चपर्यंतचे महिने असेच जातात. तरीही मी म्हणेन की दरवर्षी मुदतीत रिटर्न भरणाऱ्याचं नुकसान फार होत नाही.

वहिनींनी रिटर्न भरलंच नव्हतं. कर लागत नाही तर रिटर्न कशाला, असं त्यांना वाटलं, आणि त्यांच्या जागी कुणालाही वाटेल. आता पहिल्या दोन वर्षांच्या रिटर्नची, दंड भरून उशिरा भरण्याचीसुद्धा, मुदत संपली. अद्ययावत रिटर्न म्हणून जे चार वर्षं भरता येतं, त्यात रिफंड मागता येत नाही. राहिला विलंब माफीचा अर्ज. तो पाच वर्षांपर्यंत करता येतो आणि तो मी त्यांना लिहून देते आहे. मंजूर झाला तर १४,७९६ रुपये परत येतील, त्यावर व्याज मात्र एक पैसा नाही. तिसऱ्या वर्षाचे ८,१२२ यंदाच्या रिटर्नमध्ये मागू. एप्रिलपासून नवा आयकर कायदा आला आहे, कलमांचे क्रमांक बदलले आहेत. पण ठेव जुन्या कायद्याच्या काळातली, म्हणून मी जुन्याच भाषेत बोलते आहे.

आयकराचं काम तुमचं नाही, हे मला माहीत आहे. टीडीएस किती कापायचा, कुणाचा कापायचा, हे संसद ठरवते. पण पावतीवर काय छापायचं, जाहिरातीत कुठला टक्का मोठ्या अक्षरात लावायचा, हे बँकांचं काम आहे आणि बँका तुमच्या ऐकण्यातल्या आहेत. म्हणून पत्र तुम्हाला.

आता त्या टक्क्यांकडे येते.

वहिनींनी ठेव ठेवली तेव्हा शाखेतल्या फलकावर तीन वर्षांच्या ठेवीपुढे दोन आकडे होते : व्याजदर ७.०० टक्के, यील्ड ७.७१ टक्के. वहिनींना आठवतो तो दुसरा. “पावणेआठ पडतात म्हणाले होते.” हा ७.७१ आला कुठून? १० लाखांवर तीन वर्षांत २,३१,४३९ व्याज. म्हणजे शंभराला २३.१४, भागिले तीन, ७.७१. बस्स. चक्रवाढीने वाढलेली रक्कम घ्यायची, वर्षांच्या संख्येने सरळ भागायची आणि येईल त्याला यील्ड म्हणायचं. शाळेत द.सा.द.शे. शिकलेल्या मुलालाही यातली खोट सांगता येईल : तिसऱ्या वर्षीचं व्याज हे १० लाखांवरचं नाही, साडेअकरा लाखांवरचं आहे. ते पुन्हा १० लाखांवर मोजलं की टक्का फुगणारच.

मुदत जितकी लांब, तितका हा आकडा फुगतो. त्याच सात टक्क्यांची पाच वर्षांची ठेव या पद्धतीने ८.३० दाखवते. दहा वर्षांची १०.०२ दाखवते. पूर्वी ‘दामदुप्पट’ म्हणून ज्या ठेवी विकल्या जायच्या त्या हाच मंत्र जपत : दहा वर्षांत दुप्पट, म्हणजे वर्षाला दहा टक्के! व्याजदर मात्र तोच सात. माझ्याच हाताने मी असा फलक खडूने लिहिलेला आहे.

सात टक्क्यांचं खरं वार्षिक उत्पन्न काढणं सोपं आहे. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर १.०१७५ ला स्वतःनेच चारदा गुणायचं, म्हणजे चार तिमाह्या.

```
1.0175 × 1.0175 × 1.0175 × 1.0175 = 1.0719
```

म्हणजे ७.१९ टक्के. ठेव एक वर्षाची असो, तीनची असो की दहाची, सात टक्के तिमाही चक्रवाढीचं उत्पन्न ७.१९ च. मुदतीनुसार ते वाढत नाही. वाचकांपैकी कुणाला आपल्या बँकेचा फलक तपासायचा असेल तर एक युक्ती सांगते : एक वर्षाहून लांब ठेवीच्या फलकावरच्या यील्डला वर्षांनी गुणा. गुणाकार पावतीवरच्या शंभर रुपयांमागच्या एकूण व्याजाएवढा आला तर ते यील्ड नव्हे, ती सरळ सरासरी आहे.

आणि आता टीडीएस. आमच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर एक गृहस्थ दरवेळी विचारतात, “सातातून दहा टक्के कापतात म्हणजे उरतं काय, उणे तीन?” ते गमतीने विचारतात, पण दहा टक्के कशाचे हा गोंधळ खरा आहे. दहा टक्के ठेवीचे नाहीत, व्याजाचे. सातातले ०.७० जातात, ६.३० उरतात, आणि तेही तिमाही चक्रवाढीने वाढतात. वरच्याच रीतीने १.०१५७५ ला चारदा गुणलं की ६.४५ टक्के येतात. पॅन दिलेला नसेल किंवा आधारशी न जोडल्यामुळे निष्क्रिय झाला असेल तर कपात २० टक्के, आणि मग हेच उत्पन्न ५.७२ वर येतं.

म्हणजे एकाच पावतीला चार टक्के चिकटलेले आहेत : करारातला ७.००, खरा वार्षिक ७.१९, फलकावरचा ७.७१ आणि वहिनींच्या हातात पडलेला ६.४५. यातला जो आकडा कुणाच्याच वाट्याला कधी येत नाही, तोच सर्वांत मोठ्या अक्षरात होता.

पण ६.४५ म्हणजेच सगळ्यांचं खरं उत्पन्न, असंही म्हणता येत नाही, आणि इथे माझी सर्वांत मोठी अडचण आहे. टीडीएस हा कर नाही. कराचा हप्ता आहे, तोही माणूस न बघता सरसकट मापाने कापलेला. माझा भाचा पुण्यात एका कंपनीत बऱ्या हुद्द्यावर आहे, वरच्या स्लॅबमध्ये. त्यानेही त्याच सुमारास अगदी तशीच ठेव ठेवली होती : १० लाख, ३ वर्षं, ७ टक्के. त्याच्याही पासबुकात १२,०६,२६३ च जमा झाले. मी त्याला विचारलं, “व्याज रिटर्नमध्ये दाखवलंस ना?” तर म्हणाला, “मावशी, बँकेने टॅक्स कापलाय की!”

त्याचा कर ३० टक्के आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२. पहिल्या वर्षाचं व्याज ७१,६७१ रुपये. त्यावर कर २२,३६१. बँकेने कापले ७,१६७. उरलेले १५,१९४ त्याने स्वतः भरायला हवे होते. ठेव वाढत राहते ६.४५ ने, आणि शिल्लक कर जातो पगाराच्या खिशातून, म्हणून ते त्याला जाणवत नाही. दोन्ही खिसे एकत्र मोजले तर ७.१९ चे ३१.२ टक्के गेले आणि उरले ४.९४. सरकारने रिझर्व्ह बँकेसाठी महागाईचं जे ४ टक्क्यांचं लक्ष्य ठरवलं आहे, त्याच्या शेजारी हे ठेवून बघा. पैसा खऱ्या अर्थाने वाढला तो वर्षाला एक टक्क्याच्याही आत. आणि हे सगळं व्याज आयकर खात्याच्या वार्षिक माहितीपत्रकात त्याच्या पॅनखाली नोंदलेलं असतं, त्यामुळे न दाखवलेला आकडा कधी ना कधी व्याजासह दारात येतोच. त्याला मी सनदी लेखापालाकडे पाठवलं आहे.

पासबुकात एकच आकडा जमा झालेली ही दोन माणसं. एकीचं खरं उत्पन्न ६.४५ च्या वर असायला हवं होतं, ७.१९, दुसऱ्याचं बरंच खाली, ४.९४. पासबुकातला आकडा दोघांच्याही बाबतीत चुकीचा, फक्त उलट दिशांनी. वहिनींना वाटलं कापलं ते गेलं. भाच्याला वाटलं कापलं म्हणजे भागलं. टीडीएसबद्दलचे दोन सर्वांत पसरलेले गैरसमज मला एकाच महिन्यात, एकाच आकड्याच्या ठेवीवर बघायला मिळाले.

महोदय, बँकेकडून यातलं काय अपेक्षित आहे आणि काय नाही, याचा मी विचार केला आहे. माणसाचा स्लॅब बँकेला माहीत नसतो. तो विचारायचा अधिकारही तिला नको. त्यामुळे ‘तुमचं करानंतरचं उत्पन्न अमुक’ असं पावतीवर छापा, असं मी म्हणणार नाही. पण बँक स्वतः जे कापणार आहे ते तर तिला माहीत असतं! कपात तिच्याच संगणकात होते, मुद्दल तिच्याच संगणकात कमी होतं. कपातीनंतर बदललेली मुदतपूर्तीची रक्कम सीबीएसमध्ये दिसते. मी निवृत्तीआधी ती कितीदा स्क्रीनवर पाहिली आहे. ठेवीदाराला तेवढी दिसत नाही.

कर्जाच्या बाबतीत तुम्ही हे करून दाखवलं आहे. १५ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकाने तुम्ही किरकोळ आणि लघुउद्योगांच्या मुदत कर्जांसाठी की फॅक्ट स्टेटमेंट सक्तीचं केलं, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या प्रत्येक नव्या कर्जाला ते लागू झालं. प्रक्रिया शुल्क, विमा, इतर आकार सगळे धरून कर्ज वर्षाला खरोखर किती टक्क्यांना पडतं, ते एका आकड्यात, कर्जदाराला कळणाऱ्या भाषेत द्यायचं. हप्त्यांचं कोष्टकही द्यायचं. शाखेत कर्ज घ्यायला आलेल्या मुलाला तो कागद मिळतो. शेजारच्याच टेबलावर ठेव ठेवायला आलेल्या त्याच्या आईला मात्र ७.७१ चा फलक. कर्जाचा खरा दर सांगायचा म्हणजे आकडा वाढतो, तेव्हा बँकेला तो सांगायला लावावा लागतो. ठेवीचा खरा दर सांगायचा म्हणजे आकडा कमी होतो, तेव्हाही लावावाच लागेल.

माझं मागणं मोठं नाही. एक, यील्ड हा शब्द वापरायचाच असेल तर तो वार्षिक चक्रवाढ उत्पन्नासाठीच वापरायचा. सरळ भागाकाराला दुसरं काही नाव द्या, किंवा तो फलकावर लावूच नका. दोन, व्याज मुद्दलात मिसळणाऱ्या प्रत्येक ठेवीच्या पावतीवर मुदतपूर्तीच्या दोन रकमा छापायच्या : टीडीएस न कापता किती, आणि आजच्या नियमाने कापून किती. वहिनींच्या पावतीवर १२,३१,४३९ च्या खाली १२,०६,२६३ आणि ‘कर लागत नसल्यास दरवर्षी एप्रिलमध्ये फॉर्म द्या’ एवढी ओळ असती, तर त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं असतं, की हे दोन आकडे का.

याला बँकांचा आक्षेप काय असेल तेही मला ठाऊक आहे, कारण मीही तोच घेतला असता. नियम बदलतात. खरं आहे. ज्या व्याजापर्यंत टीडीएस कापत नाहीत ती मर्यादा वर्षाला १० हजार होती, २०१९ मध्ये ती ४० हजार झाली, एप्रिल २०२५ पासून ५० हजार आणि साठीपुढच्यांना १ लाख. ठेव ठेवताना जे लागू आहे ते मध्येच बदलू शकतं. शिवाय मर्यादा एका पावतीपुरती नसते. २०१५ पर्यंत ती शाखेगणिक होती, आणि चतुर मंडळी एकाच बँकेच्या चार शाखांत चार ठेवी ठेवायची. १ जून २०१५ पासून सीबीएस असलेल्या बँकेत सगळ्या शाखा मिळून एकच मर्यादा झाली आणि ती पळवाट बुजली. तेव्हा ग्राहकाच्या सगळ्या ठेवी बघूनच कपात ठरते, आणि उद्या त्याने आणखी एक ठेव ठेवली तर आजची पावती चुकते. म्हणूनच मी ‘आजच्या नियमाने’ म्हणते, आणि म्हणूनच तिसरं मागणं : दरवर्षी ३१ मार्चनंतर प्रत्येक ठेवीदाराला एक चिठ्ठी, कागदाची किंवा मोबाइलवरची. यंदा व्याज किती झालं, त्यातून किती कापलं, आणि त्यामुळे मुदतपूर्तीची रक्कम आता किती उरली. तीन आकडे. ‘टीडीएस डेबिटेड’ असा अर्धवट संदेश नको.

आणखी एक छोटी गोष्ट काही बँका आजही करतात. टीडीएस ठेवीतून न कापता ग्राहकाच्या बचत खात्यातून कापायचा पर्याय देतात. मग ठेव पावतीवरच्या आकड्यापर्यंत न अडखळता वाढते आणि ते चुकणारं व्याजावरचं व्याज वाचतं. वरच्या स्लॅबमधल्या माणसाला हे चांगलंच सोयीचं. कर त्याला भरायचाच असतो, ठेवीला निदान धक्का लागत नाही. बचत खात्यात शिल्लक नसेल तर मात्र कपात पुन्हा ठेवीवरच येते, हे सांगायला हवं. हा पर्याय ठेवीच्या अर्जावरच चौकट करून छापला तर ग्राहकाला तो असल्याचं तरी कळेल. आज विचारणाऱ्यालाच मिळतो, आणि काय विचारायचं हे माहीत असायला माझ्यासारखं ३१ वर्षं आत बसावं लागतं.

वहिनींनी परवा १२ लाखांची नवी ठेव ठेवली. या वेळी मी सोबत गेले होते. एक वर्ष, दर सव्वासहा. कर लागत नसल्याचा फॉर्म आधी दिला, पोच घेतली, मग पावती. पावतीवर छापून आलं : १२,७६,७७६. काउंटरवरचा मुलगा चोवीस-पंचविशीचा असेल. मी त्याला म्हटलं, “फॉर्म दिला नसता तर किती आले असते, तेही सांगा.” त्याने कुरकुर केली नाही. दोन बटणं दाबली, स्क्रीन आमच्याकडे वळवली. १२,६८,९३७.

“मॅडम, आकडा आहे, पण पावतीच्या फॉरमॅटमध्ये त्याला जागा नाही,” तो म्हणाला.

वहिनींनी त्याच्याकडून पेन्सिल मागून घेतली आणि पावतीच्या पाठीमागे तो आकडा लिहिला.

आपली,
एक निवृत्त बँक कर्मचारी
मिरज, एप्रिल २०२६